मार्च एंडची रजा

रजेच्या अर्जात ‘घरगुती कारणास्तव’ एवढं लिहिलं की पुढे काही सांगावं लागत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. वर्षाचे दहा-अकरा महिने ती छान चालते. साहेब विचारत नाहीत, आपण सांगत नाही, सही होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र हेच शब्द अर्जाचा घात करतात. हिशेबाच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षं गेली. त्यातली निम्मी टीम सांभाळण्यात गेली, म्हणजे असे अर्ज नाकारण्यात आणि मंजूर करण्यात. त्यातला एक अर्ज अजून डोळ्यांसमोर आहे. पूर्वीच्या एका नोकरीत माझ्या हाताखालच्या मुलाने २८ मार्चची रजा मागितली होती. कारण होतं ‘घरगुती अडचण’. मी ‘क्लोजिंगनंतर बघू’ असं लिहून अर्ज परत केला. त्याने दुसऱ्यांदा मागितली नाही. त्या दिवशी त्याच्या आईची अँजिओप्लास्टी होती आणि दवाखान्यात शेजारी बसले होते, हे मला एप्रिलमध्ये दुसऱ्याकडून कळलं. त्याने लिहिलं नाही ही त्याची चूक असेलही. मी विचारलं नाही, ही माझी नक्कीच होती.

तेव्हापासून या विषयाकडे मी नीट बघू लागले. रजाबंदी कशासाठी असते, तिच्यातून वाट कुठे निघते, आणि ती मागणाऱ्याने नेमकं काय सांगितलं तर ‘हो’ म्हणता येतं?

आपल्याकडे कंपनी कायद्याने कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या रात्रीपर्यंत जे घडलं ते जुन्या वर्षात आणि त्यानंतरचं नव्यात, अशी रेघ मारायची असते. एकदा हुकलेला दिवस परत मिळत नाही. म्हणून हिशेब खात्यात साधारण २० मार्च ते १० एप्रिल कुणालाच रजा नाही, असा फतवा निघतो. (ज्यांची मूळ कंपनी जर्मनीत किंवा अमेरिकेत आहे, त्यांच्याकडे हाच फतवा डिसेंबरातही निघतो, कारण तिकडचं वर्ष बहुधा तेव्हा संपतं.) सरकारी नोकरीत तर रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या रजा नियमांतच लिहिलेलं आहे. खासगी कार्यालयांसाठी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो रजा देतो, पण ती नेमकी कोणत्या दिवशी मिळेल याची हमी देत नाही. त्यातली एक तरतूद मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंधरा दिवस आधी मागितलेली हक्काची रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांच्या साठ्यावर गेलेल्या रजेचे पैसे मागता येतात. म्हणजे नकार मिळणार असं वाटत असलं तरी अर्ज लेखी आणि वेळेत द्यावा. बाळंतपणाची रजा किंवा अचानक आलेलं आजारपण या फतव्याला बांधलेलं नसतं. त्यासाठी अपवाद मागायचाच नसतो.

आता अपवादाकडे येते. २०२५ चा मार्च आम्हाला फार अवघड गेला. ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा होता, ३१ ला सोमवारी रमजान ईद आणि १ एप्रिलला बँकांचं वार्षिक लेखाबंदीचं काम. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका ३१ ला उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. तरी आमच्यासारख्या ऑफिसचं कामाचं वेळापत्रक २९ च्या शनिवारपर्यंत आवळलं गेलं होतं. आमचा धंदा सुट्या भागांच्या वितरणाचा, ऑफिस पुण्यात आणि गोदाम वाघोलीला. हिशेबात आम्ही सातजण. रजाबंदीचं पत्र मी ३ फेब्रुवारीला काढलं. ५ तारखेला पुरवठादारांची देणी सांभाळणाऱ्या सहकारी मुलीचा मेल आला : घरगुती कार्यक्रमानिमित्त २५ ते २९ मार्च रजा मिळावी.

मी तिला आत बोलावलं आणि दार लावलं. कार्यक्रम वडिलांच्या वर्षश्राद्धाचा होता, नांदेड जिल्ह्यात, गावी. माझा पहिला प्रश्न कोरडा होता, पण तो विचारावाच लागतो : तारीख हलू शकते का? तिचे वडील गेले ते ६ एप्रिल २०२४ ला. ती गेल्या वर्षीही ऐन क्लोजिंगमधून उठून गेली होती, ते मला आठवत होतं. मग वर्षश्राद्ध ६ एप्रिलला का नाही? तिने पंचांग उघडून दाखवलं. गेले त्या दिवशी फाल्गुन वद्य त्रयोदशी होती. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून यंदा तीच तिथी दहा दिवस अलीकडे, २७ मार्चच्या गुरुवारी आली होती. घरात आई एकटी. बहीण परदेशात, ती येऊ शकत नव्हती. विधी चुलतभाऊ करणार होता, पण आईजवळ बसायला हीच एक होती.

एवढं ऐकल्यावर माझ्या मनाने ‘जा’ म्हटलं होतं. पण मनाने म्हणून भागत नाही. तिचं टेबल कोण सांभाळणार आणि उरलेल्या पाचजणांना मी काय सांगणार, ही दोन उत्तरं तोवर माझ्याकडे नव्हती. कारण कितीही खरं असलं तरी त्याने अर्ध्यापर्यंतच जाता येतं. उरलेली वाट टेबलावरच्या कामातून काढावी लागते. ‘तुझं टेबल दिवसावार लिहून आण,’ असं मी तिला सांगितलं.

ती जे लिहून घेऊन आली, ते बघून माझेही डोळे उघडले. रजाबंदी तीन आठवड्यांची असते, पण कुठलंही एक टेबल तीन आठवडे सारखं पेटलेलं नसतं. तिच्या टेबलाचे तीन कडक दिवस होते.

पहिला २४ मार्चचा. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरात एक नियम आणला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी तो खर्च मान्य होतो. लेखी करार असेल तर ही मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उलट मोजलं तर ३१ मार्चच्या आधी ४५ दिवस म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि १५ दिवस म्हणजे १६ मार्च. करारवाल्यांकडचा १४ फेब्रुवारीपर्यंत स्वीकारलेला आणि बिनकराराच्यांकडचा १६ मार्चपर्यंत स्वीकारलेला माल यांचे पैसे ३१ मार्चच्या आत गेले नाहीत, तर कंपनीला त्या रकमेवर यंदा कर भरावा लागणार. ही यादी बदलत नाही. १७ मार्चला ती कायमची तयार असते. मग पैसे २८ पर्यंत ताटकळत ठेवायचे कशाला? तिने ते २४ ला सोडायचं ठरवलं.

दुसरा कडक दिवस ३१ मार्चचा. गोदामात माल आला, बिल आलं नाही, असे प्रकार त्या रात्री नोंदवून ठेवावे लागतात. तिसरा टप्पा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला, खर्चाच्या तरतुदी करण्याचा. मधले २६, २७, २८ हे दिवस इतर टेबलांसाठी मरणाचे होते. तिच्या टेबलावर त्या दिवसांत फक्त पुरवठादारांकडून शिल्लकपत्रं येत राहणार होती, आणि ती कुणीही फाइल करू शकतं.

म्हणजे फट होती. फक्त ती पाच दिवसांची नव्हती, तीन दिवसांची होती. तिने स्वतःच अर्ज कापला आणि दुसरा मेल पाठवला. तो तिच्या परवानगीने, गावाचं आणि माणसांचं नाव गाळून इथे देते :

“मॅडम, वडिलांचं वर्षश्राद्ध २७ मार्चला, गुरुवारी आहे. तिथीचं असल्याने दिवस बदलता येत नाही. घरी आई एकटी असल्याने मला जायलाच हवं. रजाबंदी २० मार्चपासून आहे हे माहीत आहे, तरी २६, २७ आणि २८ मार्च अशी तीन दिवसांची रजा अपवाद म्हणून मागते आहे. २५ ला पूर्ण दिवस काम करून रात्रीच्या गाडीने निघेन. २९ ला दुपारी दोनपर्यंत ऑफिसात असेन. ३० आणि ३१ ला मी आहे. लघुउद्योगांची देणी २४ ला पूर्ण होतील, २५ चा दिवस त्यातल्या अडकलेल्यांसाठी ठेवला आहे. तीन दिवसांत येणारी शिल्लकपत्रं जीएसटी पाहणारे आमचे सहकारी लावून ठेवतील. त्यांच्याशी बोलले आहे, ते तयार आहेत. बदल्यात ४ आणि ५ एप्रिलला त्यांचं इनपुट टॅक्सचं ताळेबंदाशी जुळवण्याचं काम मी करीन. २१ मार्चला अर्धा दिवस माझं काम त्यांनी करून पाहावं, म्हणजे काय अडतं ते मी असतानाच कळेल. तीन दिवसांत संध्याकाळी सहा ते सव्वासहा फोनवर असेन, २७ तारीख सोडून.”

या मेलमध्ये दुःखाचं वर्णन एका ओळीचंही नाही. तरी ते वाचून माझा घसा दाटला होता. आणि मंजुरी द्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण ठरवण्यासारखं सगळं तिनेच ठरवून ठेवलं होतं. ज्याने काम घ्यायचं त्याचा होकार आधीच होता. बदल्यात तिने काय द्यायचं तेही लिहिलं होतं. कुणाच्या तरी डोक्यावर आपलं काम टाकून जाण्याची जी धास्ती टीममध्ये असते, ती तिने अर्जातच मिटवली.

मंजुरी मीही लेखी दिली आणि तिला एक अट जोडली : २४ ची देणी २५ च्या संध्याकाळपर्यंत पूर्ण झाली नाहीत, तर निघण्याआधी माझ्याशी बोलायचं. ‘बघू, जमलं तर जा’ असं तोंडी सांगून लटकत ठेवणं सर्वांत वाईट. त्या माणसाला तिकीटही काढता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

तालमीचा अर्धा दिवस हा त्या मेलमधला सर्वांत शहाणपणाचा भाग होता, हे २१ तारखेला कळलं. जीएसटीवाल्या सहकाऱ्याने यादीतल्या पहिल्या दहा देण्यांचं काम करायला घेतलं आणि पहिल्याच पायरीवर थांबला. बँकेच्या पोर्टलवर एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी मेकर-चेकरची पद्धत असते. भरण्याचा अधिकार फक्त तिच्या नावावर होता. अशा वेळी ‘माझा पासवर्ड घे’ हे सगळ्या ऑफिसांत सर्रास चालतं. मी ते कधीच चालू देत नाही. चूक झाली तर पैसे कुणी पाठवले हे सिद्ध करता येत नाही, आणि त्यात आधी फसतो तो रजेवर गेलेला माणूस. दुसऱ्याच्या नावे अधिकार घ्यायचे तर बँकेला अधिकारपत्र द्यावं लागतं, आणि त्याला काही दिवस जातात. सोमवारी पत्र दिलं असतं तर ते २६ च्या आत मिळालं नसतं. म्हणून आम्ही उलटं केलं. तिच्या रजेच्या काळात एकही देणं पाठवायचं नाही, सगळं २४ आणि २५ लाच.

दुसरी अडचण अशी निघाली की तीन पुरवठादारांनी बँक बदलली होती. नवीन खातं पोर्टलवर जोडलं की बऱ्याच बँका पहिले काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. २४ ला हे समोर आलं असतं तर तिघांचे पैसे २५ ला धावपळीत गेले असते. २१ लाच खाती जोडली, शनिवार-रविवारात ती मुदत उलटून गेली आणि सोमवारी सगळे पैसे एका बैठकीत गेले. २५ च्या संध्याकाळी साडेसहाला तिचं टेबल मोकळं होतं.

त्याच मार्चमध्ये दुसरा अर्ज आला, आणि त्यात तर तारीखच नव्हती. वाघोलीच्या गोदामाचा हिशेब ठेवणारे आमचे ज्येष्ठ सहकारी मुस्लिम आहेत. ईद ३१ ला असेल की १ एप्रिलला, हे ३० च्या संध्याकाळी चंद्र दिसल्याशिवाय नक्की होत नाही. आणि ३१ ला तर मालाची मोजणी, जी त्यांच्याशिवाय होत नाही. इतकी वर्षं ईद अशी मार्च एंडवर आली नव्हती, म्हणून हा पेच आमच्यापुढे कधी आला नव्हता. ते रजा मागायलाही कचरत होते. ‘मॅडम, नमाज करून दहाला येतो,’ एवढंच म्हणत होते. घरी सण आणि यांनी गोदामात खोकी मोजायची, हे मला पटेना.

वाट लेखापरीक्षकांनी दाखवली. मोजणी ३१ लाच व्हायला हवी असं नाही. ती एक-दोन दिवस आधी करून, त्यानंतर आत आलेला आणि बाहेर गेलेला माल जमा-वजा करून ३१ चा आकडा काढता येतो. अट एकच, मधल्या दिवसांतल्या प्रत्येक आवक-जावकेचा कागद हवा. आम्ही २९ ला शनिवारी दुपारी चारला गोदामातून माल बाहेर सोडणं बंद केलं आणि मोजणी त्याच रात्री संपवली. ३० ला पाडव्यामुळे गोदाम बंदच होतं. ३१ चा चलनांचा गठ्ठा ठेवायला एक तरुण सहकारी तयार झाला. साहेबांनी, म्हणजे आमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ‘३१ मार्च किंवा १ एप्रिल, जी ईद असेल ती’ असा अर्ज दिला आणि मी तो तसाच मंजूर केला. तारीख ठरलेली नाही म्हणून अर्ज अडकवायचा, हे कारकुनी डोक्याचं काम आहे. दोन्ही दिवसांची तयारी केली की दोन तारखांचा अर्जही चालतो. ईद ३१ लाच झाली.

तिसरा अर्ज मी नाकारला, आणि त्याचं मला पूर्ण समाधान नाही. एका सहकाऱ्याने २२ ते ३० मार्चची कुटुंबाची अंदमानची सहल ठरवली होती, तिकिटं जानेवारीतच काढलेली. त्याचं टेबल बँक जुळवणीचं, ते या नऊ दिवसांत एक तासही मोकळं नसतं. फट कुठे सापडेना. सहलीची तारीख त्याच्या हातातली होती, तीन दिवसांत ती बसत नव्हती आणि त्याच्या कामाला दुसरा माणूस नव्हता. मी त्याला १४ एप्रिलनंतरचे दिवस दिले. तो चिडला, ‘तिला दिली, मला का नाही?’ असं त्याने सर्वांसमोर विचारलं. तिचं कारण सांगायचा मला अधिकार नव्हता. कुणाच्या घरात काय झालं हे टीममध्ये पसरवणं हा अपवादाचा मोबदला असू नये. मी एवढंच सांगितलं की मी तीन गोष्टी पाहते. दिवस दुसऱ्याच्या हाती आहे का, तुमच्याशिवाय तिथे भागतं का, आणि टेबल तेवढे दिवस खरोखर मोकळं करता येतं का. त्याने मान हलवली, पण त्याचा एक मुद्दा माझ्याकडे उत्तर नसलेला होता. त्याने तिकिटं जानेवारीत काढली आणि माझं पत्र फेब्रुवारीत निघालं. दरवर्षी २० मार्चपासून बंदी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, असं मी म्हणू शकले असते. पण ठाऊक असणं आणि पत्र मिळणं यात फरक आहे. तिकीट बदलण्याचा भुर्दंड त्याला पडला. आता ते पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतं, आणि पंचांग समोर ठेवून निघतं. पाडवा, ईद, होळी, शनिवार, बँकेच्या सुट्या, सगळं त्यात मांडलेलं असतं. ज्याचा दिवस त्या तीन आठवड्यांत अडकतो, त्याने तीन महिने आधीच माझ्याकडे यावं, असंही त्यात लिहिलेलं असतं.

२९ मार्चला ती दुपारी पावणेदोनला ऑफिसात आली, गाडीचा शीण चेहऱ्यावर होता. शिल्लकपत्रांची फाइल लावलेली होती. ३१ ला रात्री पावणेआठला वाघोलीला चाकणहून एक टेम्पो आला, बिलाशिवाय. गोदामातल्या तरुण सहकाऱ्याने तिला फोन केला आणि तिने त्याच रात्री त्याची नोंद करून ठेवली.

पाडव्यानंतर ती पंचांग घेऊन माझ्याकडे आली. २०२६ मध्ये त्रयोदशी मार्चच्या मध्यातच येते, बंदीच्या आधी. पण त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ मध्ये ती पुन्हा पुढे सरकून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऐन तरतुदींच्या दिवसांत पडते. तेव्हा टेबलाची कुठली फट शोधायची, ते तिने आताच मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.